ताजा कलमाची जागा : पहिल्या कमेंटच्या प्रथेचा एक आढावा

जुन्या मराठी पत्रव्यवहारात मायना, मजकूर आणि ताजा कलम असे तीन भाग असत, आणि पत्र लिहिणाराला कोणती गोष्ट कोणत्या भागात घालावयाची याचे भान संस्कारानेच येत असे. मजकुरात पत्राचे प्रयोजन यावयाचे. सही झाल्यानंतर जे आठवले, किंवा ज्याने मजकुराचा ओघ मोडला असता, ते खाली ‘ता. क.’ म्हणून यावयाचे. लग्नाची तिथी कोणी ताजा कलमात लिहीत नसे, आणि पाठविलेल्या लोणच्याच्या बरणीचा उल्लेख कोणी मायन्यात करीत नसे. आज इन्स्टाग्रामवर छायाचित्राखाली जो मजकूर लिहिला जातो, ज्याला सर्वजण कॅप्शन म्हणतात, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला आहे. कॅप्शन आटोपशीर राहावे म्हणून हॅशटॅग आणि जादा तपशील पोस्टखालच्या पहिल्या कमेंटमध्ये स्वतःच लिहून टाकण्याची जी प्रथा गेल्या दशकात रूढ झाली, तिने काय साधले, काय बिघडविले, आणि तिच्यातले आज काय ठेवण्याजोगे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. हा विचार मी भाईंदर पूर्वेतील गोडदेव नाक्याच्या परिसरात, घरगुती खाद्यपदार्थ, शिवणकाम आणि शिकवण्या यांवर चालणाऱ्या छोट्या व्यवसायांच्या सान्निध्यात केला असल्यामुळे त्याला त्या परिसराचा रंग आहे. पण प्रश्न सर्वत्र एकच आहे.

प्रथेचा उगम समजून घेतल्याशिवाय तिचा न्याय करता येत नाही. शब्दाआधी # हे चिन्ह लावून विषय सुचविण्याची कल्पना २००७ च्या ऑगस्टमध्ये ट्विटरवर ख्रिस मेसिना यांनी मांडली. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि जानेवारी २०११ मध्ये त्याने ही सोय आपल्याकडे आणली. एका पोस्टला तीस हॅशटॅगांची मर्यादा होती, आणि मर्यादा म्हणजे हक्क अशी समजूत होण्यास वेळ लागला नाही. दोन ओळींच्या मजकुराखाली तीस निळे शब्द लटकू लागले, तेव्हा वाचकाला मजकूर कोठे संपतो आणि फेरिस्त कोठे सुरू होते ते कळेना. प्रथम लोकांनी मजकूर आणि हॅशटॅग यांच्यामध्ये पाच-सहा ओळींवर एकेक टिंब ठेवून अंतर पाडले. पुढे एक सोपा मार्ग सापडला : पोस्ट प्रसिद्ध होताच सारे हॅशटॅग स्वतःच्या पहिल्या कमेंटमध्ये चिकटवावयाचे. पोस्टच्या मालकाने आपल्याच पोस्टखाली लिहिलेला हॅशटॅग इन्स्टाग्रामचे यंत्र ग्राह्य धरीत असे, परक्याने लिहिलेला धरीत नसे. त्यामुळे युक्ती चालली, कॅप्शन स्वच्छ झाले, आणि बफरसारख्या पोस्टचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या साधनांनी ‘पहिली कमेंट’ असा स्वतंत्र रकानाच देऊ केला. त्या काळी घाईला मात्र महत्त्व होते. हॅशटॅगच्या पानावर नव्या पोस्टी वेळेच्या क्रमाने येत असल्याने, तासाभराने कमेंट लिहिणाऱ्याची पोस्ट तोवर खाली सरकलेली असे.

हॅशटॅग ही शोधाची मुख्य वाट आहे तोवरच ही व्यवस्था अर्थपूर्ण होती, आणि ती वाट हळूहळू अरुंद होत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये शोधाचे काम कसे चालते याविषयी इन्स्टाग्रामने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात स्पष्ट सांगितले होते की पोस्ट शोधात सापडावी अशी इच्छा असेल तर कळीचे शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये लिहावेत, कमेंटमध्ये नव्हे. त्याच वर्षी तीसऐवजी तीन ते पाच हॅशटॅग पुरेत असा सल्ला त्याने दिला. डिसेंबर २०२४ मध्ये एखाद्या हॅशटॅगचे अनुसरण करण्याची सोय बंद झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मर्यादाच तीसवरून पाचावर आणल्याचे जाहीर झाले. ज्या ओझ्यासाठी पहिल्या कमेंटचे कोठार बांधले होते ते ओझेच उरले नाही. पाच शब्द कॅप्शनच्या शेवटी एका ओळीत सुखाने बसतात. तरीही सवय टिकून आहे, आणि आजही अनेक पोस्टींखाली हॅशटॅगांची जुनीच चिठ्ठी चिकटविलेली दिसते.

यावरून पहिली कमेंट निरुपयोगी झाली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तिचे दुसरे काम, म्हणजे जादा तपशील ठेवण्याचे काम, अजून शिल्लक आहे. परंतु त्या कामाची शिस्त फारच थोड्यांनी लावून घेतली आहे. ती शिस्त कशी असावी ते एका उदाहरणाने पाहू.

आमच्या जवळच्याच एका इमारतीत राहणाऱ्या एक काकू गणेशचतुर्थीसाठी उकडीचे मोदक करून देतात. त्यांच्या पोस्टीचे काम त्यांची सून पाहते. तिने केलेल्या पहिल्या पोस्टीत सुरेख छायाचित्र होते, कॅप्शनमध्ये ‘बाप्पा येत आहेत, तयारीला लागा’ एवढेच वाक्य होते, आणि दर, पत्ता, मागणीची मुदत, सोबत चोवीस हॅशटॅग, असे सारे पहिल्या कमेंटमध्ये होते. कॅप्शन स्वच्छ होते यात शंका नाही. पण पुढे घडले ते असे की, ओळखीच्यांनी त्या पोस्टीचा स्क्रीनशॉट आपापल्या व्हॉट्सॲप गटांवर पाठविला, आणि त्यात छायाचित्र व कॅप्शन गेले, कमेंट गेली नाही. दिवसभर ‘भाव काय?’ आणि ‘कुठे मिळतील?’ असे फोन आले. पोस्टीखाली मैत्रिणींनी लिहिलेल्या कौतुकाच्या कमेंटी वर आल्या आणि पहिली कमेंट पाहता पाहता चौथी-पाचवी झाली, कारण इन्स्टाग्राम कमेंटी केवळ वेळेच्या क्रमाने दाखवीत नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन कुटुंबांनी मागणी नोंदविली. मुदत संपली होती हे त्यांना ठाऊकच नव्हते. काकूंना नकार द्यावा लागला, आणि सणाच्या तोंडावर दिलेला नकार दोन्ही पक्षांना लागतो.

पुढच्या वेळी सुनेबरोबर बसून आम्ही मसुदा नव्याने केला. प्रथम प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारला : ही गोष्ट न कळता कोणी मागणी देईल किंवा सोडून देईल काय? ज्या बाबीचे उत्तर ‘होय’ आले ती कॅप्शनमध्ये गेली. दर, नग, ठिकाण आणि मुदत या चार गोष्टी त्यात आल्या, आणि कॅप्शन असे झाले :

> उकडीचे मोदक, 21 नगांचा डबा 630 रुपये. गोडदेव नाका, भाईंदर पूर्व. मागणी चतुर्थीच्या दोन दिवस आधी रात्री 8 पर्यंत.

या मजकुरात ११२ चिन्हे आहेत, आणि या मोजणीकडे मराठी लिहिणाराने जरा लक्ष द्यावे. इन्स्टाग्रामचे कॅप्शन २,२०० चिन्हांपर्यंत चालते, पण पोस्टींच्या मालिकेतून सरकणाऱ्या वाचकाला साधारण पहिली १२५ चिन्हे, म्हणजे एक-दोन ओळी, दिसतात. उरलेले ‘more’ या शब्दामागे दडते. नेमका तुकडा फोनच्या रुंदीप्रमाणे थोडा बदलतो. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला पाय मोडण्याचे चिन्ह, यांपैकी प्रत्येक स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘चतुर्थीच्या’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत त्याची अकरा चिन्हे होतात. म्हणून इंग्रजी कॅप्शनसाठी दिलेला अंदाज मराठीस लावताना अक्षरे मोजून भागत नाही. मजकूर लिहून, एकदा पोस्ट करून, स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या फोनवर तो कोठे तुटतो हे पाहावे लागते.

त्या तीन वाक्यांनंतर एक ओळ सोडून पाच हॅशटॅग लिहिले, आणि त्यांच्या निवडीत स्थानिक ज्ञानाचा कस लागला. भाईंदरचे नाव रोमन लिपीत Bhayandar असेही लिहितात आणि Bhayander असेही. दुकानांच्या पाट्यांवर, पत्त्यांवर आणि लोकांच्या फोनवर दोन्ही रूपे सर्रास सापडतात, आणि यंत्राला ही दोन वेगळी गावे आहेत. गोडदेवच्या रोमन रूपाचीही अशीच गत आहे. कोणी एक d लिहितो, कोणी दोन. देवनागरीत ‘भाईंदर’ आणि ‘भायंदर’ ही दोन्ही रूपे आढळतात. तीस हॅशटॅगांच्या काळात ही सारी रूपे पहिल्या कमेंटमध्ये घालणे हा त्या प्रथेचा एक खरोखर चांगला उपयोग होता, कारण एकाच गावाची चार रूपे कॅप्शनमध्ये लिहिली तर ते विद्रूप दिसते. आता पाचच जागा असल्याने निवड करावी लागते. आम्ही ही निवड केली :

```
#UkadicheModak #Bhayandar #Bhayander #भाईंदर #Godev
```

रोमन हॅशटॅगात प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहिले याला कारण आहे. शोधात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, पण दृष्टिहीन व्यक्तीचा फोन मजकूर वाचून दाखवितो तेव्हा सलग लहान अक्षरांतल्या ukadichemodak चा उच्चार ओळखता येणार नाही असा होतो; मोठ्या अक्षराने शब्दांची फोड कळते. देवनागरी हॅशटॅगांत निराळी खबरदारी घ्यावी लागते. हॅशटॅगात मोकळी जागा चालत नाही. ‘#भाईंदर पूर्व’ असे लिहिले तर निळा फक्त ‘भाईंदर’ होतो आणि ‘पूर्व’ बाहेर राहते, म्हणून मध्ये खालची रेघ घालून `#भाईंदर_पूर्व` असे लिहावे. ज्यांच्या घरी पुऱ्या होतात त्यांनी तर अधिकच दक्ष असावे. ‘पुऱ्या’तला अर्धा र लिहिण्याच्या दोन पद्धती कळफलकांत आहेत, एकीत नुक्त्याचा ऱ वापरतात आणि दुसरीत साध्या र नंतर डोळ्याला न दिसणारे जोडचिन्ह येते, छापलेला शब्द एकसारखा दिसला तरी यंत्राला ते दोन निराळे अक्षरक्रम असतात. याची परीक्षा सोपी आहे : पोस्ट केल्यावर हॅशटॅगावर बोट ठेवावे; सारा शब्द निळा नसेल, किंवा उघडलेल्या पानावर आपल्याखेरीज कोणाचीच पोस्ट नसेल, तर कळफलकाने दगा दिला आहे असे समजावे आणि शब्द पुन्हा टंकित करावा. कॅप्शन मागाहून दुरुस्त करता येते. कमेंटमध्ये चूक झाली आणि ती पुसून नव्याने लिहावी लागली, तर तोवर तिच्याखाली कोणी दिलेले उत्तरही तिच्याबरोबर जाते.

आता पहिल्या कमेंटमध्ये काय उरले ते पाहा. उरले ते असे, की ज्याने मागणी देण्याचे मनाशी ठरविले आहे, किंवा जवळजवळ ठरविले आहे, त्याला पुढच्या क्षणी पडणारे प्रश्न :

> सारणात ओला नारळ, गूळ, वेलची, जायफळ. पारी तांदळाच्या पिठीची, साजूक तुपाचा हात. खवा व सुकामेवा नाही. डबा चतुर्थीला सकाळी 7 ते 9 या वेळात घरून न्यावा. भाईंदर पश्चिम व मिरा रोडला पोचविण्याचे 50 रुपये वेगळे. मोदक त्याच दिवशी खावेत. गार झाल्यास चाळणीत ओले फडके घालून 5 मिनिटे वाफ द्यावी.

हा मजकूर कॅप्शनमध्ये घातला असता तर दर आणि मुदत त्याच्या गर्दीत बुडाली असती, आणि मुळीच लिहिला नसता तर प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवर तोच पाठ म्हणून दाखवावा लागला असता. कमेंट लिहिल्याचे वाचकास कळावे म्हणून कॅप्शनच्या शेवटी ‘सारण, वेळ आणि पोचविण्याचा तपशील पहिल्या कमेंटमध्ये’ एवढी सूचना ठेवली, कारण न सुचविलेला ताजा कलम कोणी उलटून पाहत नाही. कमेंट खाली सरकू नये यासाठी, जेथे स्वतःची कमेंट पिन करण्याची सोय आहे तेथे ती लगेच पिन करणे हे शेवटचे काम. आणि कमेंटी बंद करण्याचा विचार मनात आला तर प्रथम हे ध्यानात घ्यावे की त्या बंद होताच आपला तपशीलही वाचकाच्या दृष्टीआड होतो.

यंदा चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन आला नाही असे मी म्हणणार नाही, एक आलाच. पण त्या गृहस्थांनी स्वतःच ‘मुदत गेली आहे हे वाचले, तरी विचारतो’ असे म्हटले, आणि काकूंना नकार देताना संकोच वाटला नाही. मुदत पहिल्या दोन ओळींत होती याचा हा सरळ लाभ.

इतर व्यासपीठांवर ही प्रथा तशीच उचलून नेऊ नये, कारण प्रत्येकाचा शिरस्ता निराळा आहे. फेसबुकवर अनेक मराठी लेखक लेख पोस्टमध्ये आणि पुस्तकाचा किंवा मूळ लेखाचा दुवा पहिल्या कमेंटमध्ये देतात. दुव्यामुळे पोस्ट कमी लोकांपर्यंत पोचते ही समजूत त्यामागे आहे, आणि ती खरी असो वा नसो, तेथे कमेंटमधला दुवा निदान उघडतो. इन्स्टाग्रामवर तो कॅप्शनमध्येही उघडत नाही आणि कमेंटमध्येही उघडत नाही, त्यामुळे पहिल्या कमेंटमध्ये लांबलचक पत्ता टंकित करणे म्हणजे वाचकाला तो हाताने उतरवून घ्यावयास सांगणे होय. दुव्याची जागा तेथे ओळखपत्रिकेत, म्हणजे प्रोफाइलवर आहे, जेथे एप्रिल २०२३ पासून पाच दुवे ठेवता येतात. यूट्यूबवर हॅशटॅग ध्वनिचित्रफितीच्या शीर्षकात किंवा वर्णनात असले तरच धरले जातात, आणि साठाहून अधिक झाले तर सारेच दुर्लक्षिले जातात; कमेंट मात्र मालकाला स्वतः पिन करता येते, म्हणून साहित्याची यादी, प्रमाण किंवा मागाहून सापडलेली चूक पिन केलेल्या कमेंटमध्ये देण्याची तेथील पद्धत चांगली आहे. सारांश, ज्या व्यासपीठावर यंत्र कमेंट वाचीत नाही तेथे ती केवळ माणसांसाठी लिहावी.

एका बाबतीत मात्र स्थळभेद, व्यासपीठभेद काहीही चालत नाही. कोणी पैसे, वस्तू किंवा सवलत घेऊन एखाद्या मालाची शिफारस करीत असेल, तर तसे सांगणारा शब्द पहिल्या कमेंटमध्ये ढकलणे हे अयोग्य आणि नियमबाह्य आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने १४ जून २०२१ पासून लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे की जाहिरातीचा शिक्का ठळक असावा, हॅशटॅगांच्या घोळक्यात पुरलेला नसावा, आणि ‘अधिक’ या शब्दावर बोट न ठेवता दिसावा, म्हणजे पहिल्या दोन ओळींत यावा. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये अशाच स्वरूपाच्या सूचना प्रसिद्ध केल्या. गोडदेवात एखाद्या मुलीला नव्या ब्युटी पार्लरने फुकट केशरचना करून दिली आणि तिने त्या केशरचनेची चित्रफीत टाकली, तर तिलाही हे लागू आहे. ‘जाहिरात’ हा मराठी शब्द त्यासाठी पुरेसा आहे आणि तो पाच मोजक्या हॅशटॅगांच्या आधी, मजकुराच्या आरंभी यावा. कॅप्शन स्वच्छ दिसावे हा सौंदर्याचा प्रश्न आहे. वाचकाला आपण काय विकत घेत आहोत हे कळणे हा सचोटीचा प्रश्न आहे, आणि दोन्हींचा विरोध आला तर सचोटीनेच वर राहावे.

यावरून माझा निर्णय स्पष्ट आहे. हॅशटॅगांचे कोठार म्हणून पहिल्या कमेंटचा काळ संपला आहे; जे सापडावे असे वाटते ते कॅप्शनमध्येच लिहावे, कारण यंत्र शोधताना तेच पाहते आणि पाचांसाठी कोठाराची गरज नाही. ज्यावाचून निर्णय होत नाही, म्हणजे दर, ठिकाण, तारीख, मुदत आणि जाहिरातीचा शिक्का, तेही कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींतच असावे, कारण छायाचित्र आणि कॅप्शन यांच्यापलीकडचे काहीही वाचकापर्यंत पोचेल याची शाश्वती नाही. निर्णय झाल्यानंतर लागणारा तपशील मात्र पहिल्या कमेंटमध्ये अवश्य लिहावा, त्याची सूचना कॅप्शनमध्ये द्यावी, आणि लिहिताना ताजा कलमाची जुनी कसोटी लावावी : ही कमेंट कोणी वाचलीच नाही तर काही बिघडेल काय? ‘बिघडेल’ असे उत्तर आले, तर ती ओळ तेथून उचलून वर कॅप्शनमध्ये ठेवावी.